‘आधी पदवी पूर्ण कर’ या प्रश्नाचे उत्तर पत्रातच हवे

वाचकाचे पत्र

“मी यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंतचे सगळे विषय सुटले आहेत, तरीही मला हे सोडून प्रॉडक्ट डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाला जायचे आहे. घरी विषय काढला की बाबा गप्प होतात आणि आई रडू लागते, म्हणून मी पत्र लिहायचे ठरवले. पाच पाने लिहून झाली आहेत, ती सोबत पाठवत आहे. वाचताना ती मलाच विनवणीसारखी वाटतात. हा क्षणिक मोह नसून विचार करून घेतलेला निर्णय आहे, हे त्यांना कसे पटवून देऊ?”
— एक विद्यार्थिनी

उत्तर

तुझी पाचही पाने मी सावकाश वाचली, जोडलेले फोटोही पाहिले. ‘आवड’, ‘स्वप्न’ आणि ‘घुसमट’ हे शब्द त्यांत जागोजागी आहेत. आजीच्या औषधाच्या बाटलीची गोष्ट मात्र चौथ्या पानावर दोन ओळींत उरकली आहे. हे प्रमाण उलटे करावे लागेल. ‘मी खूप विचार केला आहे’ हे वाक्य तू तीन ठिकाणी लिहिले आहेस, पण काय विचार केला, कोणते पर्याय पाहिले आणि ते का नाकारले, हे एकदाही लिहिलेले नाही. आई-बाबांना तुझ्या मनात डोकावता येत नाही. त्यांच्यापुढे तपासता येतील अशा गोष्टी ठेवल्यास तपासून ते सहमत होतील किंवा नेमका कुठे आक्षेप आहे ते सांगतील. यांपैकी काहीही झाले तरी गप्प बसण्यापेक्षा आणि रडण्यापेक्षा बोलणे पुढे सरकेल.

‘पटवून देणे’ हा शब्दही मला जरा खटकला. पत्र वाचून संपताक्षणी होकार मिळालाच पाहिजे अशी अपेक्षा धरून लिहायला बसलीस, तर प्रत्येक वाक्य ओढून ताणून आपल्या बाजूने लिहिले जाते, आणि पालकांना तो ताण पहिल्याच परिच्छेदात जाणवतो. या पत्राकडून एवढेच अपेक्षित ठेव की, ते वाचल्यानंतरच्या चर्चेत तुम्हा तिघांपुढे एकच, पूर्ण आणि खरी माहिती असावी.

आता त्या बाटलीकडे येऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला दाबून फिरवायचे झाकण उघडता येत नव्हते, म्हणून ती ते नुसते वर टेकवून ठेवायची आणि गोळ्या दमट व्हायच्या. तू झाकणावर बसणारे रुंद कडे आधी पुठ्ठ्याचे केलेस, मग कॉलेजच्या कार्यशाळेत थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलेस. झाकणाचा व्यास ३८ मिलिमीटर होता, कड्याचा ७६. त्रिज्या दुप्पट झाली की तेवढ्याच पिळासाठी बोटांनी लावायचे बल निम्मे होते, हे तुला अभियांत्रिकीने शिकवले आणि ते बरोबरच होते. तरीही आजीला झाकण उघडता आले नाही. तेव्हा तू तिच्या शेजारी बसून तिचे हात पाहत राहिलीस आणि तुझ्या ध्यानात आले की अडचण फिरवण्यापुरती नाही. खाली दाबणे आणि त्याच क्षणी फिरवणे या दोन क्रिया तिच्या मनगटाला एकदम जमत नाहीत, आणि एक हात बाटली धरण्यातच गुंतलेला असतो. कडे रुंद केल्याने दाबण्याचे बल कमी होत नव्हते. म्हणून पुढच्या नमुन्यात तू झाकणाला हातच लावला नाहीस. टेबलावर न सरकणारी, आतून रबर लावलेली एक बैठक केलीस. बाटली तिच्यात घट्ट बसते, दोन्ही हात मोकळे होतात आणि उभे राहून अंगाच्या भाराने झाकण दाबता येते.

हे सगळे तुझ्या पत्रात यायला हवे, कारण डिझाइन म्हणजे काय हे बाबांना त्यातून कळेल. सुबक चित्रे काढण्याचा अभ्यासक्रम असा त्यांचा समज असेल, तर व्याख्या सांगून तो बदलणार नाही. आजीला ते ओळखतात, बाटलीही त्यांनी पाहिली आहे. गणित बरोबर असूनही उपाय का फसला आणि कशामुळे सापडला, हे त्यांना वाचताक्षणी समजेल.

तुझ्या मसुद्यात नसलेली एक गोष्ट मी सुचवते. लहान मुलांना उघडता येऊ नये अशा झाकणांसाठी आयएसओ ८३१७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील चाचणी दोन गटांवर घेतात. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना ते उघडता येऊ नये आणि ५० ते ७० वर्षांच्या माणसांना ते उघडून पुन्हा नीट लावता यावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे तुझ्या आजीच्या वयाची माणसे त्या चाचणीत नसतातच. झाकण मानकाप्रमाणे चोख बनवलेले असूनही तिच्यासाठी निकामी ठरते, ते का, याचे एक उत्तर इथे आहे. दुसरीकडे, घरात लहान मूल येत-जात असेल तर झाकण सोपे करून टाकणे धोक्याचे आहे. त्यामुळे झाकणाला हात न लावण्याचा तुझा मार्ग योग्य होता, आणि तो का योग्य होता हे तू स्वतःच्या शब्दांत लिहू शकलीस, तर ते तुझ्या विचाराचे सर्वांत ठोस उदाहरण ठरेल. प्रवेशाच्या मुलाखतीत मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा पोर्टफोलिओतील गुळगुळीत अंतिम चित्रांपेक्षा अशी फसलेली कडी आणि त्यांच्या बाजूला लिहिलेली कारणे अधिक वेळ पाहते. हा नमुना टाकून देऊ नकोस.

मात्र एका बाटलीवरून निर्णय होत नाही, आणि पत्र पाठवण्याआधी तू एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्यावेस असे मला वाटते. अभियांत्रिकीतील नेमके काय तुला नकोसे झाले आहे? मसुद्यातील ‘घुसमट’ या शब्दामागे मला वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. परीक्षेपुरते पाठांतर, एका शिक्षकाची शिकवण्याची रीत, वसतिगृहातील एकटेपणा आणि माणसांशी संबंध नसलेली गणिते या सगळ्यांची तिथे सरमिसळ झाली आहे. यांतील शेवटच्या गोष्टीवर डिझाइनचा अभ्यासक्रम हा उपाय असू शकतो. एकटेपणा तुझ्याबरोबर नव्या वसतिगृहातही येईल, आणि रटाळ शिकवणारे शिक्षक सगळीकडे भेटतात. शिवाय तिथला त्रास वेगळ्या प्रकारचा असतो. पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी पायाभूत असते. रेखाटन, रंग, आकार, साहित्य यांचे सराव पुन:पुन्हा करावे लागतात आणि ते कंटाळवाणेही होतात. त्यानंतर ज्युरी सुरू होते, म्हणजे आठवडे खपून केलेले काम भिंतीवर लावायचे आणि शिक्षक व बाहेरून आलेले परीक्षक सर्वांसमोर त्यातील उणिवा दाखवत असताना उभे राहून ऐकायचे. अभियांत्रिकीत उत्तर बरोबर आले की वाद संपतो. इथे बरोबर उत्तराचा असा आधार फार थोड्या वेळा मिळतो, आणि हुशार विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला ते जड जाते.

तुला हे सोसेल का, हे आत्ताच पाहता येईल. एखाद्या डिझाइन संस्थेतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला किंवा नोकरी करणाऱ्या डिझायनरला तुझी बैठक दाखव आणि कौतुक नको, दोष सांगा, असे आधीच सांग. बैठक धुता येते का, वेगळ्या आकाराची बाटली बसते का, बसून औषध घेणाऱ्या माणसाने काय करायचे, असे प्रश्न येतील. ते ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा कात्री-पुठ्ठा हातात घ्यावासा वाटला, तर ती गोष्ट पत्रात लिहिण्यासारखी आहे. ऐकून ते काम नजरेआड करावेसे वाटले, तर पत्र थोडे थांबवून याच प्रश्नाला वेळ दे.

आता ज्या प्रश्नावर तुझे पत्र तरणार किंवा बुडणार आहे, तिथे येऊ. बाबा गप्प होतात, पण त्यांच्या मनात बहुधा एकच प्रश्न असेल: ‘दोनच वर्षे राहिली आहेत, पदवी पूर्ण करून मग जा.’ तुझ्या पाच पानांत याचे उत्तर नाही, आणि हा प्रश्न चुकीचा नाही. गणितच मांडून पाहू. आता सोडून डिझाइनची चार वर्षांची पदवी केलीस, तर चार वर्षांनी तुझ्याकडे डिझाइनची एक पदवी असेल. उरलेली दोन वर्षे अभियांत्रिकी पूर्ण करून डिझाइनचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केलास, तरी चारच वर्षे लागतील आणि हातात दोन पदव्या असतील. डिझाइनचे बरेच पदव्युत्तर अभ्यासक्रम अभियंत्यांना प्रवेश देतात. तू इथे शिकलेल्या विषयांचे श्रेयांक डिझाइनच्या पदवीत धरले जातील असेही सहसा होत नाही, कारण पायाभूत वर्ष टाळता येत नाही. वेळेच्या हिशेबात बाबांची बाजू तुझ्यापेक्षा बळकट आहे, हे पत्रात सरळ मान्य कर. ते मान्य केल्यावरच तुझी पुढची कारणे ऐकली जातील.

आताच सोडण्याच्या बाजूने खरी कारणेही आहेत, मात्र ती तुला लागू पडतात का हे तपासून घ्यावे लागेल. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पायाभूत कामाला थोडाच काळ मिळतो. ज्याचा हात रेखाटनाला आणि आकाराला सरावलेला नाही, त्याला ती उणीव पुढे जाणवत राहते. पदवीत तोच सराव संथपणे होतो. दुसरे म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठीही पोर्टफोलिओ लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे प्रकल्प, प्रयोगशाळा सांभाळून तो तयार करणे तुला जमेल का, हा प्रश्न उरतो. तिसरे, उरलेल्या दोन वर्षांची फी हा खर्च दोन्ही वाटांच्या तुलनेत धरावाच लागेल. तो कोणत्या बाजूला झुकेल हे तुमच्या घरचे आकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून दोन्ही वाटांची चार वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च एका कागदावर समोरासमोर लिहून तो पत्राला जोड. शैक्षणिक कर्ज किंवा शिष्यवृत्ती असेल, तर मध्येच सोडल्यास तिच्या अटींचे काय होते, हेही लेखी विचारून घे. बरीच कुटुंबे इथे उशिरा जागी होतात आणि मग दोष अभ्यासक्रमाला दिला जातो.

हे सगळे मांडल्यावर ‘पूर्ण करूनच जाणे बरे’ असा निष्कर्ष निघाला, तर? तो तुझा पराभव नाही. वस्तू कशी साच्यात ओतली जाते, भिंतीची जाडी एकसारखी का ठेवतात, साच्यातून सुटावी म्हणून बाजूंना किंचित उतार का देतात, हे जाणणारा प्रॉडक्ट डिझायनर कारखान्यातील माणसांशी त्यांच्या भाषेत बोलू शकतो, आणि या ज्ञानाला या कामात खरी किंमत आहे. तुझ्या मसुद्यात अभियांत्रिकीविषयी जो कडवटपणा आहे, तो याच कारणाने काढून टाक. त्या दोन वर्षांनीच तुला त्रिज्येचा हिशेब शिकवला.

मसुद्याच्या शेवटी तू अभियांत्रिकीतून डिझाइनकडे वळलेल्या नामवंतांची यादी दिली आहेस. ती पूर्ण वगळ असा माझा आग्रह आहे. त्यातील ‘आयडिओ’ या डिझाइन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक डेव्हिड केली यांनी १९७३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, बोइंगमध्ये नोकरी केली आणि त्यानंतर स्टॅनफर्डला डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या पुस्तकाचे लेखक डॉन नॉर्मन यांची एमआयटीची १९५७ ची पदवीही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. दोघांनीही पदवी पूर्ण केली होती. बाबांनी ही नावे शोधून पाहिली, तर तुझाच पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहील.

पत्र दोन पानांत बसव. निर्णय पहिल्याच परिच्छेदात येऊ दे, कारण चौथ्या पानापर्यंत वाट पाहायला लावलेले पालक मधली पाने धास्तीत वाचतात. तुझ्या मसुद्याची सुरुवात अशी आहे: ‘आई-बाबा, तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे, पण माझे मन इथे रमत नाही आणि डिझाइन हेच माझे आयुष्य आहे.’ त्याऐवजी साधारण असे लिहिता येईल:

‘आई-बाबा, मला प्रॉडक्ट डिझाइनच्या पदवीला प्रवेश घ्यायचा आहे आणि तो मिळाला तरच अभियांत्रिकी सोडायची आहे. या सत्राची परीक्षा मी देणार आहे. पदवी पूर्ण करून पुढे डिझाइनला जाण्याचा पर्याय मी तपासला. वेळ दोन्हीकडे सारखाच लागतो आणि त्या वाटेने दोन पदव्या मिळतात, हे खरे आहे. तरीही मी आताच जाण्याच्या बाजूने का आहे, ते पुढे लिहिले आहे. खर्चाचा तक्ता जोडला आहे. त्यातील आकडे तुम्ही तपासावेत आणि माझे कुठे चुकते आहे असे वाटल्यास सांगावे.’

यात ‘प्रवेश मिळाला तरच’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत आणि ते तू पाळायला हवेस. हातात नवा प्रवेश असल्याशिवाय जुनी जागा सोडू नकोस. तुझ्या विद्यापीठात एका सत्राची किंवा वर्षाची अधिकृत रजा मिळत असेल, तर तिचे नियम विचार, कारण त्यामुळे परतीची वाट उघडी राहते. मूळ प्रमाणपत्रे कॉलेजात जमा असल्यास ती परत मिळायला किती दिवस लागतात आणि गुणपत्रके कधी मिळतात, ते कार्यालयात जाऊन विचारून घे. नव्या संस्थेची कागदपत्रे देण्याची मुदत त्याआधी संपत असेल, तर प्रवेश मिळूनही जागा जाऊ शकते.

या सत्रात एकही विषय राहता कामा नये, कारण तुझ्या पालकांची खरी धास्ती डिझाइनविषयी कमी आणि ‘ही हाती घेतलेले अर्धवट सोडते’ याविषयी अधिक असेल, असा माझा अंदाज आहे. विषय राहिला की तेच पत्र नापास होण्याचे समर्थन म्हणून वाचले जाते. चांगल्या गुणांसह लिहिलेल्या पत्रावर तो आक्षेप घेता येत नाही.

नोकरीविषयी वचने देऊ नकोस. ‘डिझायनरना आता खूप मागणी आहे’ या तुझ्या वाक्याला काही आधार दिलेला नाही. त्याऐवजी नवोदितांसाठीच्या प्रॉडक्ट डिझाइनच्या दहा-बारा जाहिराती वाच. त्यांत कोणती पदवी मागितली आहे, पोर्टफोलिओ मागितला आहे का, अभियांत्रिकी चालेल असे किती ठिकाणी लिहिले आहे, याची टिपणे पत्राला जोड. निकाल तुझ्या विरुद्ध गेला तरी जोड. सुरुवातीच्या जागा थोड्या आणि उमेदवार बरेच, हे चित्र दिसले तर तेही लिही.

पत्र हातात दे आणि दोघांना एकत्र, निवांतपणे वाचू दे. ते वाचत असताना समोर चेहरे न्याहाळत बसू नकोस. आईला आधी सांगून बाबांना पटवण्याचे काम तिच्यावर सोपवू नकोस, कारण मग नकार आला तर तो तिच्या अंगावर येतो. चार-पाच दिवस विषय काढणार नाही असे पत्रातच लिही आणि तो शब्द पाळ.

पत्रात शेवटची एक गोष्ट हवी, आणि ती लिहायला सर्वांत जड जाईल. तू किती प्रयत्नांनंतर थांबशील? माझी सूचना अशी की, येत्या प्रवेशफेरीत मनाजोग्या संस्थेत जागा मिळाली नाही, तर अभियांत्रिकी पूर्ण करायची आणि तोपर्यंतच्या सुट्ट्यांत पोर्टफोलिओ वाढवून पदव्युत्तर प्रवेशासाठी प्रयत्न करायचा, असे स्पष्ट लिहावे. कोणत्या संस्था मनाजोग्या आणि त्यांच्या प्रवेशाच्या तारखा काय, हेही त्यासोबत दे. घरून नकार आला, तर वाद न घालता दोघांना एवढेच विचार की, कोणती गोष्ट दिसली तर ते पुन्हा विचार करतील. पुढच्या सत्राचे गुण, एखाद्या जाणकार डिझायनरचे मत, की खर्चाचा वेगळा हिशेब? जे उत्तर मिळेल ते त्याच पत्राच्या मागच्या बाजूला त्यांच्यासमोर लिहून ठेव आणि पुन्हा कधी बोलायचे ती तारीखही त्याखाली टाक.